पत्रिका छापण्याआधीचे बोलणे

आई किंवा वडील पंचाहत्तर वर्षांचे झाले की त्यानिमित्त शांतिविधान करावे, असे आपल्या अनेक घरांत ठरते. विधान आईचे, म्हणजे सर्व भावंडांचे. खर्च मात्र बहुधा आई ज्याच्याकडे राहते त्या मुलाच्या हातून होतो. तो तिथी ठरवतो, उपाध्यांना सांगून ठेवतो, आचाऱ्याला आगाऊ रक्कम देतो आणि भावांना म्हणतो, ‘‘हिशोबाचे नंतर बघू.’’ हे ‘नंतर’ पुष्कळदा येतच नाही. आले तरी इतक्या उशिरा येते, की कितीही मृदू शब्दांत विचारले तरी ऐकणाऱ्याला त्यातून ‘तुम्ही अजून दिले नाहीत’ एवढेच ऐकू येते.

कंजूषपणाचा आरोप सहसा शब्दांत नसतो, विचारण्याच्या वेळेत असतो. काहीच ठरलेले नसताना विचारले, तर प्रश्न असतो, ‘आपण काय करावे?’ सगळे पार पडल्यावर विचारले, तर प्रश्न उरतो, ‘तू किती देणार?’ पहिल्या प्रश्नात भावाला मत आहे, दुसऱ्यात केवळ देणे आहे. म्हणून पैशांचे बोलणे पत्रिका छापण्याआधी आणि कोणालाही आगाऊ रक्कम देण्याआधी झाले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. तीन भाऊ आणि एक बहीण. थोरला गावी शेती व दुकान पाहतो, आई त्याच्याकडे. मधला पुण्यात नोकरीला. धाकट्याचे इचलकरंजीत यंत्रमाग असून धंदा सध्या मंदीत आहे. बहीण बेळगावला दिलेली. विधानाला अडीचशे माणसे येतील असा अंदाज. पूजासाहित्य आणि मंडलाची मांडणी 9,000 रुपये, उपाध्ये आणि संगीत मंडळींचे मानधन मिळून 12,000 रुपये, सभागृह, मंडप व ध्वनिक्षेपक 9,000 रुपये. अल्पोपहारासह भोजन पानामागे 240 रुपये, म्हणजे 60,000 रुपये.

येथे सर्वसाधारणपणे एकूण रकमेला तिनाने भागतात आणि तेथेच पहिली अढी बसते. कारण अडीचशे माणसे तिघांची सारखी नसतात. या घरी आईचे माहेर, भावकी, शेजार आणि मंदिरातील श्रावक-श्राविका मिळून 130 जण सर्वांचे सामाईक आहेत. थोरल्याच्या व्यवहारातले 60, मधल्याचे स्नेही 40 आणि धाकट्याचे अवघे 20. साठ जणांच्या जेवणाचा भार वीस जण बोलावणाऱ्यावर पडला, तर तो बोलणार नाही. पण घरी गेल्यावर पत्नीशी बोलेल आणि ती बोच पुढच्या कार्यापर्यंत टिकेल.

म्हणून खर्चाचे तीन भाग करावेत. पहिला सामाईक. दुसरा ज्याच्या त्याच्या पाहुण्यांचा. तिसरा हौसेचा: चित्रीकरण, भेटवस्तू, जास्तीचे एखादे पक्वान्न. हौस ज्याची, खर्च त्याचा. या विभागणीत कोणाच्या ऐपतीविषयी किंवा मनाविषयी एकही शब्द बोलावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

सामाईक भागात एक खर्च हमखास राहून जातो, तो यजमान घराचा. दोन दिवस आधी उतरलेले पाहुणे, त्यांचे दूध, चहा, किराणा, गॅसची टाकी, गाडीच्या फेऱ्या. याची पावती नसते, आणि तो थोरल्या जावेच्या घरखर्चातून जातो. तिने नंतर सांगितले तर ती मोजणारी ठरते. न सांगितले तर मनात मोजत राहते. आपल्या उदाहरणात हा खर्च 6,000 रुपये धरू आणि यादीत आरंभीच लिहू. आता सामाईक खर्च असा होतो: पूजा, मानधन आणि सभागृह 30,000, सामाईक 130 पाने 31,200, घरचा खर्च 6,000, एकूण 67,200 रुपये. तिघांत प्रत्येकी 22,400. स्वतःच्या पाहुण्यांचे धरून धाकट्याचा वाटा 27,200 रुपये.

ही बेरीज पुढे ठेवण्याआधी प्रत्येक घराला एकदा एकट्याने विचारावे. कोणी विचारावे, हेही महत्त्वाचे आहे. भावाने भावाला विचारावे. थोरल्या वहिनीने धाकट्या जावेकडे विषय काढला, तर त्याला लगेच दोन घरांच्या तुलनेचे रूप येते. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तर आकडा आधी कधीच टाकू नये. तेथे ‘हो’ म्हणणारा मनापासून म्हणतो की सर्वांदेखत नाही म्हणता येत नाही म्हणून, हे कळत नाही. दूरध्वनीवर इतकेच म्हणावे: ‘‘आईचे विधान करायचे मनात आहे. अजून काही ठरवलेले नाही. तुझ्या घराला सहज झेपेल असा आकडा आधी सांग, म्हणजे कार्य त्या बेताने ठरवू.’’

या वाक्यात ‘सहज’ आणि ‘त्या बेताने’ हे दोन शब्द गाळू नयेत. पहिला त्याला कर्ज काढून मोठेपणा करण्यापासून वाचवतो, दुसरा त्याला सांगतो की त्याच्या उत्तराने कार्याचे स्वरूप खरोखरच बदलणार आहे. याउलट ‘‘तुला काय, दरमहा पगार आहे’’, ‘‘मागच्या वेळी आम्हीच केले होते’’, ‘‘तुला जमेल तेवढे दे’’ ही वाक्ये टाळावीत. शेवटचे वाक्य उदार वाटते. पण ते ऐकणाऱ्याला आकड्याविना सोडते, आणि त्याने दिलेली कोणतीही रक्कम मग त्याच्या मनाची परीक्षा होऊन बसते.

धाकट्याने सांगितले, ‘‘दादा, वीस हजारांच्या पुढे यंदा जमणार नाही.’’ आता दोन मार्ग आहेत. उरलेले 7,200 रुपये इतर दोघांनी भरावेत, किंवा कार्यच आवरावे. पुष्कळ घरे प्रेमाने पहिला मार्ग धरतात; परंतु त्यात धाकटा आपल्याच आईच्या विधानात उपकृत होतो. आधी दुसरा मार्ग पाहावा. सामाईक यादीत केवळ व्यवहार म्हणून घातलेली 30 नावे निघाली, तर 7,200 रुपये वाचतात. संगीत मंडळी न बोलावता घरच्या श्राविकांनीच भजने म्हटली, तर त्यांचे 6,000 वाचतात. सामाईक खर्च 54,000 वर येतो आणि प्रत्येकी वाटा 18,000 होतो. धाकट्याने आपले पाहुणे विसावरून आठावर आणले, तर त्यांचे 1,920 धरून त्याचे 19,920 रुपये होतात. तो सांगितलेल्या मर्यादेत राहिला, आणि कोणीही त्याचा भार उचललेला नाही. थोरल्याचे स्वतःच्या पाहुण्यांसह 32,400 रुपये, मधल्याचे 27,600. मधल्याला संगीत हवेच असेल, तर ते 6,000 त्याच्या हौसेच्या भागात जातील.

कार्याची उंची सर्वांत कमी ऐपतीच्या घराने ठरवावी आणि त्यावरचे ज्याचे त्याने करावे, हा सारा या विषयाचा गाभा आहे. शांतिविधान दोनशे माणसांतही तितकेच विधिपूर्वक होते.

आवरूनही एखाद्याला वाटा झेपतच नसेल, तर उरलेली रक्कम दोन भावांनी आपसांत भरावी आणि ती गोष्ट त्या दोघांपुरतीच ठेवावी. आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना या तिहींचे पुण्य मानले आहे. ज्याने पैसे दिले नाहीत पण पहाटेपासून शोधाचे पाणी भरले, त्याचा सहभाग कमी कसा म्हणावा?

यातूनच पुढचा मुद्दा येतो. मान पैशामागे जाऊ देऊ नये. सार्वजनिक विधानात सौधर्म इंद्र-इंद्राणीचा मान सवालात जातो, ते योग्यच. त्या पैशावर मंदिराचे कार्य चालते. घरच्या विधानात तोच नियम नकळत लागू झाला, तर ज्याने जास्त भरले त्याचे दांपत्य पुढे बसते आणि पत्रिकेत पुण्यार्जक म्हणून त्याचे नाव ठळक होते. ते वाचणाऱ्या पाहुण्यांना बाकीच्यांचे वाटे आपोआप कळतात. नावे वयाच्या क्रमाने छापावीत, बसण्याची जागाही त्याच क्रमाने ठरवावी, आणि हे पैशांच्या बोलण्याच्या आधीच सांगून टाकावे. संगीताचा खर्च मधल्याने केला, हे ध्वनिक्षेपकावरून सांगण्याची गरज नाही.

राहिली बहीण. माहेरवाशिणीकडून पैसे घेऊ नयेत, ही आपली रीत. पण 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचाही मुलासारखाच हक्क आहे, आणि आईच्या कार्यात आपल्याला कोणी विचारलेच नाही याची खंत अनेक बहिणींना असते. तिला वाट्याचा आकडा सांगू नये. यादी दाखवावी आणि ‘‘यातले तुला काही करावेसे वाटते का?’’ एवढे विचारावे. तिने पूजासाहित्य घेतले तर 9,000 रुपये सामाईक खर्चातून वजा होतील आणि भावांचा वाटा प्रत्येकी 3,000 ने उतरेल. तिने काही घेतले नाही, तर प्रश्न तेथेच संपला.

आकडे ठरल्यावर ते एका कागदावर लिहून आता गटावर पाठवावेत. आचाऱ्याला आगाऊ देण्याआधी प्रत्येकाने निम्मी रक्कम जमा करावी. पैसे एकाकडे असावेत आणि खर्च दुसऱ्याने करावा. येथे मधल्याच्या खात्यात जमा आणि थोरल्याच्या हाताने खर्च. त्यामुळे थोरल्याला भावांकडे मागावे लागत नाही, आणि कार्यानंतर आठवड्याभरात पावत्यांसह हिशोब मांडताना त्याच्यावर कोणाचा संशयही येत नाही. मोजणीत पाने वाढली, तर ती ज्याच्या यादीतली त्याच्या नावे.

आणि ज्या घरी हे काहीच न बोलता कार्य होऊन गेले आहे? तेथे एकदाच, एकांतात, नेमका आकडा सांगून विचारावे: ‘‘आईच्या विधानाचा सामाईक खर्च इतका झाला, तिघांत इतका येतो. आधी बोलणे राहिले. तुला जमत असेल तर कळव, नसेल तरी मोकळेपणाने सांग.’’ उत्तर आले नाही, तर दुसऱ्यांदा विचारू नये. ती रक्कम आपण आईसाठी केलेला खर्च समजावी आणि पुढे कोणत्याही लग्नात, वाटणीत वा भांडणात तिचा उच्चार करू नये. पुढच्या कार्याची तिथी काढण्याआधी मात्र पहिला दूरध्वनी त्याच भावाला करावा.