आधी एका वाडीत, दोन पावसाळे



सामूहिक वनहक्काचा कागद मिळाला की सगळ्या वाड्यांनी एकदम बांबू काढावा, असं बैठकीत बरेच जण म्हणतात. आमचं मत वेगळं आहे. पोफळीच्या बाजूची, हक्क मिळालेली एक वाडी धरू, तिथे करून बघू आणि मग ठरवू.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला हा हक्क 2009 साली मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा वाहतूक पास ग्रामसभेच्या हातात पडायला एप्रिल 2011 उजाडला. आता नियमानेच पास ग्रामसभेच्या समितीने द्यायचा असतो. म्हणजे मेंढ्याची ती लढाई आपल्याला पुन्हा लढायची नाही. पण त्यांचा अभ्यासगट आणि सगळ्यांच्या संमतीने निर्णय घ्यायची सवय पासबुकाबरोबर येत नाही. ती इथे जमते का, तेच तपासायचं आहे.

पहिली कोयती पडण्याआधी मोजणी व्हावी. धरा, साठ बेटं निवडली. निवड चिठ्ठ्या टाकून करावी, नाहीतर रस्त्याजवळची जोमदार बेटंच घेतली जातात. तीस बेटांतून फक्त जुन्या, पिकल्या काठ्या काढायच्या, या वर्षीच्या कोवळ्या राखायच्या. उरलेली तीस तशीच ठेवायची. पावसाळा सरला की दोन्हीकडचे नवे कोंब मोजायचे. पाऊस कमी झाला तर दोन्हीकडे कोंब घटतील. फक्त तोडलेल्या बेटांत घटले, तर चूक आपल्या तोडीत आहे. एका वर्षात हे कळत नाही, म्हणून दोन पावसाळे.

दुसरं माप पैशाचं. विक्रीची रक्कम म्हणजे नफा नव्हे. तोडणी, ओढणी, ट्रकभाडं वजा करून मजुराच्या हातात किती आणि ग्रामसभेकडे किती, हे फळ्यावर लिहावं.

तिसरं माप आमच्यावरच आहे. पहिल्या वर्षी पास लिहायला, व्यापाऱ्याशी बोलायला संघटनेचे कार्यकर्ते बसतील. दुसऱ्या वर्षी त्यांनी बाजूला व्हायचं. तेव्हा वाडीतल्या बाया-माणसांनी स्वतः पास लिहिले नाहीत, तर ते यश कार्यकर्त्यांचं, वाडीचं नाही. सगळ्या वाड्यांना पुरतील एवढे कार्यकर्ते आपल्याकडे नाहीत.

निकाल कसा लावायचा तेही आजच ठरावात लिहू. कोंब घटले तर तोड थांबवायची, पैसे कितीही आले तरी. कोंब टिकले पण पास जमले नाहीत, तर त्याच वाडीत अजून एक वर्ष. तिन्ही जमलं तरी सगळीकडे उडी नको. पुढची वाडी रस्त्यापासून लांबची घ्यावी, जिथे ओढणीचा खर्च जास्त आहे. तिथेही मजुरी सुटली तरच बाकीच्या वाड्यांना सांगायला आपलं तोंड राहील.

बेट एकदा बसलं तर ते परत उभं राहायला वर्षं जातात. म्हणून ठराव आधी, कोयती नंतर.