साबणाच्या वडीची ओळख गिऱ्हाइकाच्या भाषेत

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात व्यापारी वाणाचे नाव विचारतो, पण त्या नावाशी त्याला फारसे कर्तव्य नसते. हे फळ क्रेटमध्ये भरून मुंबईपर्यंत नीट पोहोचेल की वाटेतच फुटेल, एवढेच त्याला त्यावरून ताडायचे असते. पेढीवर बसणाऱ्या आपल्या मंडळींना हे उपजत कळते. मात्र घरी तयार होणारा साबण ऑनलाइन विकायला काढला की तीच मंडळी वाणाचे नाव सांगून थांबतात.

मंचरमधील अशा एका छोट्या दुकानाची आपण कल्पना करू. वडी १०० ग्रॅमची, किंमत १२० रुपये, गिऱ्हाईक बहुतांशी पुण्यामुंबईचे. दुकानाच्या पानावर वडीखाली असे वर्णन आहे: ‘शंभर टक्के नैसर्गिक, कोल्ड प्रोसेस हस्तनिर्मित साबण. खोबरेल, एरंडेल व राइस ब्रान तेलयुक्त. पाच टक्के सुपरफॅट. सहा आठवडे क्युअर केलेला. सल्फेट व पॅराबेनविरहित. ग्लिसरीनयुक्त. शाकाहारी.’ यातील बहुतेक शब्द खरे आहेत, पण ते करणाऱ्याच्या कामाचे वर्णन करतात. घेणाऱ्याच्या न्हाणीघरात त्याने काय घडेल, हे त्यांत कोठेच नाही.

उपाय साधा असला तरी चिकाटीचा आहे. प्रत्येक गुणापुढे ‘म्हणून काय?’ असे विचारावे आणि उत्तर न्हाणीघरात पोहोचेपर्यंत थांबू नये. सहा आठवडे क्युअर केलेला, म्हणून काय? ओतलेल्या साबणातले पाणी त्या काळात हळूहळू उडून जाते. म्हणून काय? वडी घट्ट होते. म्हणून काय? ओल्या हातात ती लगेच बुळबुळीत होत नाही आणि अधिक दिवस पुरते. आता आपण गिऱ्हाइकाच्या घरात आलो. सुपरफॅटचेही तसेच. सर्व तेलाचा साबण व्हायला जेवढा कॉस्टिक सोडा लागेल त्याहून थोडा कमी घेतला, की तेलाचा लहानसा अंश तसाच राहतो आणि न्हाल्यावर त्वचा ओढल्यासारखी वाटणे कमी होते. ‘सुपरफॅट’ हा शब्द न समजणाऱ्या बाईलाही हिवाळ्यातला तो ताण ठाऊक असतो.

काही गुणांपुढे हा प्रश्न विचारला की उत्तरच मिळत नाही; ते निःशंकपणे गाळावेत. खऱ्या साबणाला फेसासाठी निराळे सल्फेट लागतच नाही, मग ते नसल्याचा डांगोरा कशाला? ‘केमिकलविरहित’ हा शब्द तर टाळावाच. कॉस्टिक सोड्यावाचून साबण होत नाही. माप बरोबर असेल तर तयार वडीत तो उरत नाही, एवढेच खरे आहे.

‘अधिक दिवस पुरते’ हेही अजून मोघमच आहे, कारण असे कोणीही म्हणेल. येथे तराजू काढावा. समजा, दोन माणसांच्या घरात नवी वडी वापरायला दिली आणि दहा दिवसांनी ती पुसून, सुकवून तोलली, तर ६८ ग्रॅम भरली. म्हणजे दहा दिवसांत ३२ ग्रॅम, दिवसाला सुमारे ३ ग्रॅम गेले. शेवटचा पातळ तुकडा कोणी वापरत नाही, तो सोडला तर वडी चार आठवडे जाते. १२० रुपयांना २८ ने भागले की दोघांच्या आंघोळीचा दिवसाचा खर्च सव्वाचार रुपयांच्या आसपास येतो. दुकानच्या साबणाहून हे महाग वाटेल, पण आकडा समोर असला की गिऱ्हाईक स्वतःच हिशेब करते. हा प्रयोग तीनचार घरांत करावा आणि सर्वांत कमी भरलेला आकडा छापावा. वजनाबाबत आणखी एक दक्षता हवी. वडी कपाटातही सुकत राहते, म्हणून वेष्टनावर १०० ग्रॅम लिहायचे तर कापताना ती थोडी जड असावी, नाहीतर महिन्याभराने माप कमी भरेल.

शेवटी ‘शाकाहारी’ हा शब्द. तो यादीच्या तळाशी पडला आहे, आणि आपल्या घरांतील गिऱ्हाइकाला तर तोच प्रथम हवा असतो. साबणात जनावरांची चरबी वापरण्याची चाल जुनी आहे. अर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला, तेव्हा त्याचे मोठे बलस्थान हेच होते, की चरबीला हात न लावणाऱ्याला तो निःसंकोच वापरता येई. मात्र आपल्या वाचकांना ‘शाकाहारी’ एवढ्यानेही समाधान होत नाही. मध वा मधमाशीचे मेण घातलेला साबण अनेक जण शाकाहारी म्हणून विकतात. जैन घरात तो चालत नाही. म्हणून काय नाही ते नाव घेऊन सांगावे: चरबी नाही, मध नाही, मेण नाही. अर्थात, सुगंधी द्रव्य पुरवणाऱ्याकडून तसे लेखी घेतल्यावरच.

आता वर्णन नव्याने लिहू. मोबाइलवर उघडताच पहिल्या दोन ओळीच दिसतात, म्हणून त्यांत सर्वांत वजनदार गोष्ट यावी.

‘दोघांच्या घराला सुमारे चार आठवडे पुरणारी साबणाची वडी. चरबी नाही, मध नाही, मेण नाही. सहा आठवडे सावलीत सुकवलेली, म्हणून हातात लवकर बुळबुळीत होत नाही. न्हाल्यावर त्वचा ओढल्यासारखी वाटू नये यासाठी तेलाचा थोडा अंश राखला आहे. वडी जाळीच्या साबणदाणीत ठेवावी. पाण्यात राहिली तर लवकर विरघळेल. बोअरच्या जड पाण्यात फेस थोडा कमी येईल.’

त्याखाली बारीक अक्षरांत तेलांची नावे, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख व परवाना क्रमांक. जुने गुण असे खाली पुराव्यासारखे उभे राहतात. फक्त दारात उभे राहण्याचा मान त्यांचा नव्हता. शेवटच्या दोन उणिवा मुद्दाम लिहिल्या आहेत. खऱ्या साबणाचा जड पाण्यातील क्षारांशी संयोग होऊन पांढरट साका बनतो आणि फेस घटतो, ही गोष्ट आधी सांगितली नाही तर ती तक्रारीच्या रूपाने परत येते.

येथे एक मोह आवरावा लागतो. लाभ लिहिता लिहिता हात ‘मुरुमे घालवतो’, ‘खरूज बरी करतो’ येथवर जातो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार स्वच्छ करणे, रूप खुलवणे हे प्रसाधनाचे काम, आणि रोग बरा करणे वा टाळणे हे औषधाचे. तसा दावा केला की वडी औषधाच्या कक्षेत जाते आणि प्रसाधनाचा परवाना तिला पुरत नाही. कडुनिंब घातला असेल तर ‘कडुनिंबाच्या पानांसह’ एवढेच लिहावे, त्याचा प्रताप गिऱ्हाईक जाणतेच.

नवे वर्णन जमले की नाही, हे व्हॉट्सअ‍ॅपवरील चौकशांवरून कळते. ‘किती दिवस जाते?’, ‘मध आहे का?’ हे प्रश्न महिन्याभरानंतरही येत असतील, तर उत्तर पहिल्या दोन ओळींत पोहोचलेले नाही असे समजावे. आणि त्या जागी नवाच एखादा प्रश्न पुन्हापुन्हा येऊ लागला, उदाहरणार्थ लहान मुलांना चालेल का, तर आधी तोच तपासून घ्यावा.