पार्सल निघालंय, पत्ता चुकलाय. आता काय?

परवाचीच गोष्ट. साताऱ्यातल्या माझ्या दुकानातून १,४५० रुपयांची साडी कुरिअरने निघाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहक ताईंचा फोन आला, "दादा, कोथरूडचा जुना पत्ता पडलाय हो, मी तर आता नाशिकला असते!" मोबाईलने सेव्ह केलेला पत्ता आपोआप भरला आणि त्यांनी न बघता पेमेंट केलं.

अशा वेळी नवीन दुकानदार लगेच म्हणतो, "काळजी करू नका, बदलून देतो." माझं स्पष्ट मत आहे की हे आश्वासन देऊच नका. पार्सल कुठे जाणार हे लेबलवरच्या पिनकोडवर ठरतं. ४११०३८ म्हटलं की ते पुण्याच्या गाडीतच पडणार. घर नंबर, खूण किंवा फोन नंबर चुकला असेल तर कुरिअरच्या पॅनलवर दुरुस्ती बहुतेक वेळा होते, कधीकधी डिलिव्हरीचा पहिला प्रयत्न फसल्यावर. पण पिनकोड बदलला की मार्गही बदलतो आणि दरही. त्यामुळे कस्टमर केअरने "रिक्वेस्ट टाकली आहे" असं सांगितलं तरी मी ते धरून चालत नाही. पॅनलवर नवीन पिनकोड दिसला तरच खरं!

मग आम्ही काय केलं? ताईंना विचारलं, कोथरूडला कोणी ओळखीचं आहे का? त्यांची मैत्रीण त्याच पिनकोडमध्ये राहत होती. पॅनलवर तिचं घर आणि तिचा मोबाईल नंबर टाकला. नंबर महत्त्वाचा, कारण डिलिव्हरीचा ओटीपी त्यावर जातो. पत्ता बदलला आणि नंबर जुनाच ठेवला, तर डिलिव्हरी बॉय दारात आणि ओटीपी नाशिकला!

मैत्रीण नसती तर मी पार्सल परत मागवलं असतं. जायचे ७० आणि यायचे ७०, म्हणजे १४० रुपये गेले असते, शिवाय नाशिकला पाठवायचा खर्च वेगळा. चूक ग्राहकाची असेल तर नव्याने पाठवायचे पैसे मागायला लाजू नका. परतीचा खर्च मी स्वतः सोसतो, पण ती माझी पद्धत झाली. आणि हो, जुनं पार्सल हातात येईपर्यंत दुसरी साडी पाठवू नका.

अजून एक. पत्ता बदला म्हणणारा फोन ऑर्डरमधल्याच नंबरवरून आलाय का, ते बघा. नसेल तर ऑर्डरमधल्या नंबरवर स्वतः फोन लावा. चोरीच्या कार्डावर ऑर्डर करून माल दुसरीकडे वळवणारेही असतात.

आता मी ऑर्डर आली की लेबल लगेच काढत नाही. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त गाव आणि पिनकोड पाठवतो: "कोथरूड, पुणे ४११०३८, बरोबर ना?" पूर्ण पत्ता पाठवला तर कोणी वाचत नाही. पिकअप आमच्याकडे चारला येतो, तोपर्यंत लेबल रद्द करून नवं काढता येतं.