जोडणी जुळते, उत्तर येत नाही

लोड बॅलन्सर चौथ्या थराचा घ्यावा की सातव्या, ही चर्चा बहुधा वेग आणि खर्च यांच्या अंगाने होते. सर्व्हर निकामी झाल्याचे बॅलन्सरला कळते कसे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. चौथ्या थराचा बॅलन्सर आयपी पत्ता आणि पोर्ट एवढेच पाहून संपूर्ण टीसीपी जोडणी एका सर्व्हरच्या हवाली करतो. सातव्या थराचा बॅलन्सर ती जोडणी स्वतःपाशी थांबवून आतली एचटीटीपी विनंती वाचतो आणि प्रत्येक विनंतीसाठी स्वतंत्र सर्व्हर निवडू शकतो.

एचएप्रॉक्सीमागे तीन सर्व्हर आहेत आणि त्यांपैकी एकाचे सर्व थ्रेड एका कुलूपबंद फाइलसाठी अडकून पडले आहेत, असे समजावे. टीसीपी तपासणी त्या सर्व्हरला निरोगी ठरवते, कारण जोडणीचा हस्तांदोलन-विधी अ‍ॅप्लिकेशन नव्हे तर कर्नल पूर्ण करतो आणि जोडणी स्वीकृतीच्या रांगेत ठेवतो. ती रांग भरेपर्यंत बाहेरून सारे आलबेल दिसते, आणि साधारण प्रत्येक तिसरा ग्राहक ताटकळत राहतो. यावर उपाय म्हणजे एचटीटीपी तपासणी:

```
option httpchk GET /healthz
server s1 10.0.0.11:8080 check inter 2s fall 3 rise 2
```

या मांडणीत दर 2 सेकंदांनी खरी विनंती जाते, सलग 3 अपयशांनंतर सर्व्हर वगळला जातो आणि सलग 2 यशांनंतर परत घेतला जातो; म्हणजे दोष उमगण्यास सुमारे 6 सेकंद, शिवाय उत्तराची वाट पाहण्याचा वेळ लागतो. `fall` 1 केल्यास हा अवधी घटतो, पण मग एकच चुकलेली तपासणीही धडधाकट सर्व्हरला बाहेर काढते. चौथ्या थराच्या बॅलन्सरलाही अशी एचटीटीपी तपासणी नेमून देता येते, कारण वाटपाचा थर आणि तपासणीचा थर एकच असावा लागत नाही. हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

याच्या उलट टोकाची चूक अधिक महाग पडते. `/healthz` मध्ये सामाईक डेटाबेसचीही चौकशी केली, तर डेटाबेस काही सेकंद मंदावताच तिन्ही सर्व्हर एकदम बाद होतात आणि एचएप्रॉक्सी सर्वांनाच 503 देऊ लागतो, मग काही पाने डेटाबेसवाचून दाखवता आली असती तरीही. एन्व्हॉय या प्रॉक्सीत निरोगी सर्व्हरांचे प्रमाण 50 टक्क्यांखाली गेले की मूळ मांडणीनुसार तपासणीचा निकालच बाजूला ठेवून सर्वांकडे विनंत्या पाठवल्या जातात, ते याच भीतीपोटी. तपासणीने त्या एका सर्व्हरपुरतेच विचारावे. सामाईक घटकांवरची नजर वेगळ्या देखरेखीकडे सोपवावी.

वाचकांनी आपल्या चाचणी-यंत्रणेतील एका सर्व्हरच्या प्रक्रियेला `kill -STOP` देऊन ती गोठवावी आणि बॅलन्सर तिला किती सेकंदांनी वगळतो, किंवा वगळतच नाही, हे घड्याळ लावून पाहावे.