नाजूक नव्हे, संवेदनशील

विसर्जन मिरवणुकीतल्या ढोल-ताशाने एकाला उत्साह येतो, तर दुसऱ्याचे डोके भणभणते. घरात कोणी रागावलेले असले, की काही मुलांना ते न सांगताच कळते आणि घास उतरत नाही. अशांना ‘नाजूक’ म्हणून हिणवणे चूक आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ इलेन व आर्थर आरॉन यांनी १९९७ मध्ये हा स्वभावविशेष मांडला आणि तो मोजण्यासाठी २७ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. अशा व्यक्तींचे कान अधिक तीक्ष्ण नसतात. कानावर पडलेल्या गोष्टीचा मेंदू अधिक खोलवर विचार करतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून गर्दीत थकवा लवकर येतो. हा आजार नव्हे.

याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. इंग्लंडमध्ये ११ वर्षांच्या शाळकरी मुलींना नैराश्य टाळण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जास्त संवेदनशील मुलींमध्ये नैराश्याची लक्षणे घटली आणि हा फायदा वर्षभरानंतरही दिसला. कमी संवेदनशील मुलींवर मात्र परिणाम दिसला नाही. म्हणजे ज्यांना गोंगाट जास्त लागतो, त्यांना आधारही जास्त लागू पडतो.

त्यामुळे ‘सवय होईल’ म्हणून मुलाला गर्दीत ढकलण्यापेक्षा समारंभानंतर अर्धा तास शांत खोली द्यावी. मात्र हा त्रास लहानपणापासूनचा नसून अचानक सुरू झाला असेल, साध्या आवाजानेही कान दुखत असतील किंवा झोप उडाली असेल, तर स्वभाव म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.