चेक परतला, तर 30 दिवस
कोपरच्या एखाद्या फर्निचरवाल्याला गिऱ्हाइकाने दिलेला 40,000 रुपयांचा चेक 'अपुरी शिल्लक' या शेऱ्याने परत येतो आणि 'पुढच्या आठवड्यात देतो' ऐकण्यात महिना निघून जातो. घात इथेच होतो. बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. ती मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138खाली तक्रार करावी लागते. सुप्रीम कोर्टाच्या 2014च्या निकालानंतर त्यासाठी गिऱ्हाइकाच्या बँकेचे गाव गाठावे लागे. 2015च्या कायदादुरुस्तीने, आपले खाते डोंबिवलीत असेल तर कल्याणचे कोर्ट चालते. तरीही खटला वर्षानुवर्षे रेंगाळू शकतो. म्हणून नव्या गिऱ्हाइकाचा माल चेक वटल्यावरच टेम्पोत चढवावा. उधार द्यायचाच, तर बिलावर माल मिळाल्याची सही घ्यावी.