दराआधी घनमीटर तपासा

निपाणी-कागल पट्ट्यात सरकारी बांधकामाचा विषय निघाला की पहिला वाद दरावर होतो. पलीकडे कोल्हापूरच्या बाजूला काय दर, इकडे काय दर! दोन्ही राज्यांच्या दरसूच्या वेगळ्या, त्यामुळे तो वाद मिटत नाही. मोजणीची पद्धत मात्र दोन्हीकडे एकच आहे, आय.एस. १२०० या मानकातली. माझं म्हणणं असं की निविदा निघण्याआधी गावसभेत दरापेक्षा हिशेबातली लांबी-रुंदी वाचली जावी. कागद कन्नडमध्ये असो की इंग्रजीत, गुणाकार आपल्याला वाचता येतो.

१. नुसता बीओक्यू मागून भागत नाही. त्यात ‘पाया खोदाई ३९.४४ घनमीटर’ एवढंच असतं. हा आकडा कुठून आला ते अंदाजपत्रकाच्या मोजमाप तक्त्यात दिसतं: संख्या, लांबी, रुंदी, खोली. सूत्र चुकलेलं असतं ते तिथे. माहिती अधिकार कायदा २००५ नुसार या कागदांची प्रत मागता येते आणि जागेवर जाऊन कामाची पाहणीही करता येते.

२. पहिली नजर कोपऱ्यांवर ठेवा. समजा समुदाय भवनाचा एक हॉल आतून १० बाय ६ मीटर आहे, भिंती २३ सेंटिमीटरच्या. भिंतीच्या मध्यरेषेने मोजलं तर बाजू १०.२३ आणि ६.२३, चारही मिळून ३२.९२ मीटर. पायाचा चर ०.९ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल असेल, तर खोदाई ३५.५५ घनमीटर होते. आता कुणी चारही बाजू चराच्या बाहेरून बाहेरपर्यंत धरल्या, ११.१३ आणि ७.१३, तर प्रत्येक कोपरा दोनदा मोजला जातो आणि उत्तर येतं ३९.४४. म्हणजे जवळजवळ चार घनमीटर माती कधी खोदलीच जाणार नाही.

हीच चूक वरच्या तीन मीटर उंच भिंतीत झाली तर फरक फक्त ०.६३ घनमीटर पडतो, कारण जादा माप रुंदीच्या वर्गाने वाढतं. म्हणून वेळ कमी असेल तर भिंती सोडा, पाया तपासा.

३. उतरत्या बाजूंचा खड्डा. आपल्याकडे कृषी होंड म्हणतात ते शेततळं घ्या: वर १२ बाय १२, तळाला ६ बाय ६, खोली ३ मीटर. वरचं क्षेत्रफळ गुणिले खोली केली तर ४३२ घनमीटर. ही उघड चूक, खड्ड्याला जणू उभ्या भिंती आहेत. वरच्या आणि तळाच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली तर २७०. हे बरंच जवळचं, तरी जास्तच. खरं माप काढायला मधल्या उंचीचं क्षेत्रफळही लागतं: १४४ अधिक ८१ ची चौपट अधिक ३६, भागिले ६, गुणिले ३. उत्तर २५२.

याच खड्ड्याची सरासरी लांबी-रुंदी घेऊन ९ गुणिले ९ गुणिले ३ केलं तर २४३ येतात, म्हणजे खऱ्यापेक्षा कमी. मजुरी मापावर असेल तर तिथे खोदणाऱ्याचं नुकसान होतं. चूक नेहमी ठेकेदाराच्याच बाजूची असते असं धरून बसू नये.

४. स्लॅब आणि बीम जिथे मिळतात तिथलं काँक्रीट दोनदा धरलं जातं. स्लॅब १२.५ सेंटिमीटर आणि बीमची एकूण उंची ४५ असेल, तर बीमच्या मापात स्लॅबखालचे ३२.५ सेंटिमीटरच यायला हवेत. ४५ धरले तर ६ मीटरच्या, २३ सेंटिमीटर रुंद बीममागे ०.१७ घनमीटर फुकट वाढतं.

खिडक्या-दारांबाबत मात्र घाई नको. वीटकामातून १.२ बाय १.२ ची खिडकी पूर्ण वजा व्हायलाच हवी. पण गिलाव्यात अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतचं उघडं एकाच बाजूने वजा करतात, कारण चौकटीभोवतीच्या आतल्या कडांनाही गिलावा लागतो. तिथे दुसरी बाजू वजा नाही म्हणून ओरड केली तर हसू आपलंच होतं.

५. ‘बीओक्यू चुकला तरी बिल प्रत्यक्ष मापावरच निघतं’, असं उत्तर मिळेल. ते बाबनिहाय दराच्या कामात खरं आहे, पण अर्धंच. मोजमाप पुस्तिकेत अंदाजपत्रकाचेच आकडे उतरवले गेले तर चूक बिलात जाते. शिवाय कुठली बाब फुगलेली आहे हे ज्याला ठाऊक, तो तिथे कमी दर भरून निविदा स्वस्त दाखवतो आणि खऱ्या कामाच्या बाबींवर दर चढवतो.

म्हणून निविदेआधी तक्ता वाचावा आणि पायाच्या तळात काँक्रीट पडण्याआधी फीत घेऊन चराची रुंदी व खोली मोजावी. बीम नंतरही दिसतो. चर एकदा बुजला की पुस्तिकेत लिहिलेलं १.२ खरं की ०.९, हे पुन्हा खणल्याशिवाय कळत नाही.